दोन ग्रॅम कशाचे? सोडियमचा हिशेब मिठात उतरवताना

'दिवसाला दोन ग्रॅम' असं कागदावर लिहून दिलेलं असतं आणि ते दोन ग्रॅम सोडियमचे की मिठाचे, हे त्या कागदावर अनेकदा नसतं. रक्तदाब, हृदयाचा अशक्तपणा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाच्या घरी सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. डॉक्टरांच्या मनात दोन ग्रॅम सोडियम असेल आणि घरच्यांनी दोन ग्रॅम मीठ मोजून दिलं, तर त्या माणसाच्या पोटात मिठातून जेमतेम 790 मिलिग्रॅम सोडियम जातं, म्हणजे सांगितल्याच्या निम्म्याहूनही कमी. उलट बाजूची चूक आणखी महागात पडते. 'पाच ग्रॅम' हा मिठाचा आकडा कुणी सोडियमचा समजला आणि पाकिटांवरचं सोडियम त्या हिशेबाने मोजू लागला, तर दिवसाला पावणेतेरा ग्रॅम मिठापर्यंत सगळं चालेल असं त्याला वाटेल.

दोन आकड्यांमधलं नातं रसायनशास्त्राने कायमचं ठरवून दिलेलं आहे. मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड. त्यात सोडियमचा एक अणू आणि क्लोरिनचा एक अणू असतो, पण दोघांचं वजन सारखं नसतं. सोडियमच्या अणूचं वजन 22.99, क्लोरिनचं 35.45, दोन्ही मिळून 58.44. म्हणजे मिठाच्या वजनात सोडियमचा वाटा 39.3 टक्के, आणि उरलेलं सगळं क्लोराईड. एक ग्रॅम मिठात 393 मिलिग्रॅम सोडियम. याच गोष्टीला उलट दिशेने पाहिलं की 58.44 भागिले 22.99, म्हणजे 2.54 हा गुणक मिळतो.

सोडियमचे मिलिग्रॅम × 2.54 ÷ 1000 = मिठाचे ग्रॅम

तोंडी हिशेबाला 2.5 पुरतो. जागतिक आरोग्य संघटनाही तोच वापरते: प्रौढांनी दिवसाला 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं ती सांगते, आणि जगभरातलं सरासरी सेवन 4310 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे 10.78 ग्रॅम मीठ, असं लिहिते. 2.5 आणि 2.54 यांच्यात फरक दीड टक्क्याचा. एवढ्या फरकासाठी कुणी जीव टांगणीला लावू नये, कारण स्वयंपाकघरातला चमचा याच्या वीसपट चूक करतो. त्याकडे पुढे येतोच.

लेबलं मात्र देशागणिक वेगळी भाषा बोलतात, आणि मुलांकडे परदेशी जाऊन राहणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांना याचा फटका बसतो. भारतात आणि अमेरिकेत पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापतात. ब्रिटन आणि युरोपीय संघात थेट मीठ ग्रॅममध्ये छापतात. तिथे सोडियमला 2.5 ने गुणून ठेवलेलंच असतं. त्यामुळे लंडनमधल्या पाकिटावर 1.5 दिसलं तर ते मीठ आहे, त्याला पुन्हा 2.5 ने गुणायचं नाही. पुण्यातल्या पाकिटावर 600 दिसलं तर ते सोडियम आहे. दोन्ही आकडे एकाच खारटपणाचे. मर्यादाही थोड्या वेगळ्या आहेत: अमेरिकेत 2300 मिलिग्रॅम सोडियम, ब्रिटनमध्ये सहा ग्रॅम मीठ, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनात पाच ग्रॅम मीठ. गुणून पाहिलं की तिन्ही जवळजवळच येतात.

आता लेबलावरून हिशेब करताना होणारी सर्वांत मोठी चूक. सोडियमचा आकडा बहुतेक वेळा 100 ग्रॅम पदार्थामागे दिलेला असतो, आणि आपण 100 ग्रॅम खात नाही, किंवा त्याहून जास्त खातो. झटपट नूडल्सच्या पाकिटावर 100 ग्रॅमला 1200 मिलिग्रॅम लिहिलंय आणि पाकीट 70 ग्रॅमचं आहे असं धरा. पोटात 840 मिलिग्रॅम गेलं, म्हणजे 2.1 ग्रॅम मीठ. याउलट फरसाणाच्या पुड्यावर एका वाढणीचा आकडा असतो आणि ती वाढणी 20 किंवा 30 ग्रॅमची मानलेली असते. बशीभर चिवडा खाणाऱ्याने त्याला दोनाने किंवा तिनाने गुणायला हवं. लेबलावर दैनंदिन गरजेच्या टक्केवारीचा रकानाही असतो. भारतात ती टक्केवारी 2000 मिलिग्रॅम सोडियमवर काढलेली असते. ज्याला 2000 चीच मर्यादा आहे त्याला हा रकाना थेट वापरता येतो. ज्याला 1500 सांगितलंय त्याला तो दिशाभूल करेल.

पण खरा प्रश्न गुणाकाराचा नाहीच. 2000 मिलिग्रॅम म्हणजे पाच ग्रॅम मीठ, हे वाक्य बरोबर असूनही बहुतेक घरांत चुकीचं वापरलं जातं. ते पाच ग्रॅम हे दिवसभराच्या सगळ्या सोडियमचं रूप आहे: दुधातलं, पावातलं, पापडातलं, औषधातलं, सगळं धरून. घरी मात्र त्याचा अर्थ 'मिठाच्या बरणीतून रोज पाच ग्रॅम काढायला हरकत नाही' असा घेतला जातो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं की हिशेब आधी शेवटपर्यंत सोडियममध्ये करावा, उरेल तेवढ्याचंच मीठ करावं. उलट क्रमाने केलं की चूक ठरलेली.

एक दिवस मांडून पाहू. साठीतले एक गृहस्थ, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा सौम्य त्रास, मर्यादा 2000 मिलिग्रॅम सोडियम. दूध, चहा, दही, ताक मिळून दिवसाला अर्धा लिटर दुधाइतकं पोटात जातं. दुधात 100 मिलिलिटरला साधारण 50 मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे 250. भाज्या, डाळी, धान्य यांत मीठ न घालताही थोडं सोडियम असतंच, त्याचे ढोबळ 100 धरू. सकाळी पावाचे दोन स्लाइस, 60 ग्रॅम. लेबलावर 100 ग्रॅमला 450 लिहिलंय, तर 270. चहाबरोबर चार मारी बिस्किटं, 24 ग्रॅम, 100 ग्रॅमला 350, म्हणून 84. जेवताना एक भाजलेला उडदाचा पापड, 12 ग्रॅम, लेबलावर 100 ग्रॅमला 2000, म्हणून 240. एकूण 944 मिलिग्रॅम झाले आणि घरच्या मिठाला अजून हातही लागलेला नाही.

उरले 1056 मिलिग्रॅम. 2.54 ने गुणले की 2.7 ग्रॅम मीठ. दिवसभराच्या आमटी, भाजी, पोळी, कोशिंबिरीसाठी एवढंच. पाच ग्रॅम धरून चालणाऱ्या घरात या गृहस्थांना रोज सव्वादोन ग्रॅम मीठ जास्त मिळत राहतं आणि सगळे म्हणतात, आम्ही तर मोजून घालतो. आता पापड काढला तर 240 मिलिग्रॅम परत येतात आणि मिठाचा वाटा 3.3 ग्रॅम होतो. पावाऐवजी घरची बिनमिठाची पोळी आली की आणखी 270, म्हणजे वाटा चार ग्रॅमच्या आसपास. अळणी जेवणाला कंटाळलेल्या माणसाला हे आकडे दाखवावेत असं मला फार वाटतं. एक पापड म्हणजे भाजीतलं सहा दशांश ग्रॅम मीठ. कशाच्या बदल्यात काय सोडायचं, हे त्याने स्वतः ठरवलं तर पथ्य टिकतं.

जिथे मीठ नसतानाही सोडियम असतं, तिथे घरोघरी नजर चुकते. खाण्याचा सोडा हा त्यातला पहिला. त्याच्या वजनात सोडियम 27 टक्के असतं, मिठापेक्षा कमी, पण चव खारट नसल्यामुळे कुणी धरतच नाही. ढोकळ्याच्या पिठात सपाट चहाचा चमचा सोडा गेला तर सुमारे 1250 मिलिग्रॅम सोडियम गेलं. चौघांत वाटलं तर प्रत्येकी 310, म्हणजे पाऊण ग्रॅम मिठाइतकं. पापडखार हाही सोडियमचाच क्षार, म्हणून पापड दोन वाटांनी खारा असतो. चायनीज पदार्थांत घालतात ते मोनोसोडियम ग्लुटामेटही यात येतं, पण त्यात सोडियम 12 टक्केच.

औषधांकडे तर बहुतेकांचं लक्षच जात नाही. पाण्यात टाकल्यावर फसफसणारी पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एक गोळी साधारण 400 मिलिग्रॅम सोडियम पोटात घालते, म्हणजे एक ग्रॅम मीठ. दिवसातून चार घेतल्या तर दिवसाच्या मर्यादेचा चार पंचमांश भाग तिथेच संपतो. हीच गोळी गिळायच्या साध्या रूपात घेतली तर हा प्रश्न उद्भवत नाही. पित्तावर घेतात ती फसफसणारी पूडही याच जातीची. मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तातलं आम्ल कमी करण्यासाठी सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात. 500 मिलिग्रॅमच्या एका गोळीत 137 मिलिग्रॅम सोडियम असतं. क्लोराईड सोबत नसलेलं सोडियम रक्तदाबावर मिठाइतकाच परिणाम करतं का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि त्या गोळ्यांचं काम वेगळं आहे, म्हणून त्या मनाने बंद करायच्या नाहीत. फक्त डॉक्टरांशी बोलताना त्या हिशेबात आहेत की नाहीत, हे विचारून घ्यावं.

गुणकाचा नेमका अर्थ कळायला ओआरएसचं उदाहरण फार चांगलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्याला 2.6 ग्रॅम मीठ असतं, आणि त्याखेरीज 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट. दोन्ही मिळून सोडियम होतं सुमारे 1725 मिलिग्रॅम. गुणक लावला तर उत्तर 4.4 ग्रॅम मीठ येतं, जरी पुडीत मीठ 2.6 ग्रॅमच आहे. म्हणजे गुणकाने मिळणारा आकडा हा 'इतक्या मिठात असतं तेवढं सोडियम' एवढंच सांगतो, पुडीतल्या मिठाचं वजन नव्हे. जुलाब लागलेल्या माणसाला ते सोडियम हवंच असतं. पण विदर्भातल्या उन्हाळ्यात, आजार नसताना, थकवा घालवायला म्हणून रोज लिटरभर ओआरएस पिणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाचं पथ्य तिथेच संपलेलं असतं.

आता चमचा. पाच मिलिलिटरचा सपाट मापी चमचा बारीक मिठाने भरला तर साधारण सहा ग्रॅम भरतात. म्हणून पाच ग्रॅमसाठी पुस्तकांत 'एक चमच्याहून थोडं कमी' असं लिहितात. पण आपल्या घरातला चहाचा चमचा, मिसळणाच्या डब्यातला छोटा चमचा आणि मापी चमचा या तीन वेगळ्या वस्तू आहेत, शिवाय शिगोशीग भरला की वजन दीडपट सहज होतं. जाड मिठाच्या खड्यांमध्ये पोकळी राहते, म्हणून तोच चमचा कमी भरतो. यावर उपाय एकच, आपला चमचा आपणच तोलायचा. सुरीने सपाट केलेले दहा चमचे वाटीत टाकावेत, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करावं आणि दहाने भागावं. 46 ग्रॅम भरले तर आपला चमचा 4.6 ग्रॅमचा. चिमटीचंही असंच करता येतं. एकच चमचा किंवा एकच चिमूट तोलायला जाऊ नये. एका ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा काटा एवढ्या लहान वजनाला खोटं उत्तर देतो.

रोजच्या वापरासाठी त्याहून सोपी पद्धत आठवड्याच्या डबीची. वरच्या उदाहरणात पाव आणि पापड सोडल्यावर रोज चार ग्रॅम मीठ उरलं होतं. त्याचे आठवड्याला 28 ग्रॅम. रविवारी सकाळी 28 ग्रॅम मीठ तोलून छोट्या डबीत काढावं, भाजी-आमटी फोडणीनंतर बिनमिठाची असतानाच त्या माणसाची वाटी बाजूला काढावी आणि त्यात या डबीतलं मीठ घालावं. डबी गुरुवारीच रिकामी झाली तर काय चाललंय ते कुणी सांगावं लागत नाही. कणकेत आणि भातात मीठ घालायची सवय असेल तर ती संपूर्ण घरासाठीच सोडणं बरं, कारण त्यातून वाटी वेगळी काढता येत नाही.

सगळ्या घराचा अंदाज हवा असेल तर मिठाचं पाकीट पुरतं. एक किलोचं पाकीट फोडलं त्या दिवशी तारीख लिहून ठेवावी. चौघांच्या घरात ते 25 दिवस पुरलं तर 1000 भागिले 100, माणशी रोज दहा ग्रॅम. लोणच्याला, वाळवणाला वापरलेलं मीठ यातून वजा करावं, पाहुणे आणि उरलेलं टाकून दिलेलं अन्न यांचा अंदाज धरावा. हा आकडा फक्त घरच्या मिठाचा आहे, बाहेरचं सगळं त्यावर वेगळं.

सैंधव आणि पादेलोण वापरल्याने हिशेब बदलतो का, हा नेहमीचा प्रश्न. दोन्ही मुख्यत्वे सोडियम क्लोराईडच आहेत, गुणक तोच. सैंधवाचे खडे जाड असतील तर चमच्यात कमी बसतात, एवढाच फरक, आणि तो खड्यांच्या आकाराचा आहे. 'सैंधव चालतं' म्हणून मोजमाप सोडून देणारी कितीतरी घरं आहेत आणि त्यांचं पथ्य त्याच क्षणी मोडतं.

कमी सोडियमचं मीठ मात्र खरोखर वेगळं. त्यात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. इथे 2.54 चालत नाही. पाकिटावरचं सोडियम वाचून नवा हिशेब करावा लागतो. 100 ग्रॅमला 31 ग्रॅम सोडियम लिहिलं असेल, तर एक ग्रॅमात 310 मिलिग्रॅम, आणि चार ग्रॅम साध्या मिठाच्या जागी हे पाच ग्रॅम वापरता येतं. चीनच्या खेड्यांमध्ये केलेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन भाग सोडियम क्लोराईड आणि एक भाग पोटॅशियम क्लोराईड असं मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण कमी झालं. पण मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. ज्यांचं मूत्रपिंड पोटॅशियम नीट बाहेर टाकत नाही, किंवा रक्तदाबाच्या ज्या औषधांनी पोटॅशियम वाढतं ती जे घेतात, त्यांच्यासाठी हे मीठ हृदयाची लय बिघडवू शकतं. आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांनी ते दुकानातून आपल्या मनाने आणू नये.

मर्यादा किती खाली न्यायची, हाही गणिताचा प्रश्न नाही. हृदय अशक्त झालेल्या 806 रुग्णांना घेऊन केलेल्या आणि 2022 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत दिवसाला 1500 मिलिग्रॅमच्या खाली सोडियम आणण्याचा प्रयत्न केला गेला. नेहमीच्या सल्ल्याच्या तुलनेत त्याने मृत्यू आणि हृदयविकारामुळे रुग्णालयात येणं मिळून कमी झालं नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वयस्क माणसाने मीठ अगदीच तोडलं आणि पाणी भरपूर प्यायलं, तर रक्तातलं सोडियम घसरून गोंधळल्यासारखं वागणं, मळमळ, तोल जाणं सुरू होऊ शकतं. म्हणून लेखाच्या सुरुवातीचा कागद हातात आल्यावर तिथेच विचारावं: हे ग्रॅम सोडियमचे की मिठाचे, आणि याच्या खाली गेलं तर चालेल का?

सगळा हिशेब बरोबर आहे का, हे तपासायचा मार्ग लघवीतून जातो. खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे नव्वद टक्के लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून 24 तासांची लघवी गोळा करून त्यातलं सोडियम मोजतात. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये जमा करायची, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीसह. एकदाही विसरलं तर आकडा खोटा कमी येतो. त्याच नमुन्यातलं क्रिएटिनिन फार कमी दिसलं की प्रयोगशाळेला लघवी अपुरी गोळा झाल्याचा संशय येतो. लग्नाच्या पंगतीचा किंवा उपवासाचा दिवस यासाठी धरू नये, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीचा डोस नुकताच बदलला असेल तर थोडं थांबावं.

अहवालात सोडियम मिलिमोलमध्ये येतं, आणि इथे तिसरं एकक पुढ्यात येतं. एक मिलिमोल म्हणजे 23 मिलिग्रॅम. एक ग्रॅम मीठ म्हणजे 17 मिलिमोल. मूत्रपिंडविकारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात दोन ग्रॅम सोडियम, 90 मिलिमोल, पाच ग्रॅम मीठ ही तिन्ही रूपं शेजारी शेजारी लिहिलेली असतात, ती एकच मर्यादा आहे. अहवालात कधी दर लिटरचा आकडा असतो. 113 मिलिमोल दर लिटर आणि लघवी दीड लिटर, तर दिवसाचे 170. रक्तातल्या सोडियमचा 135 ते 145 हा आकडा याच्याशी जोडू नये, त्यावरून खाल्लेलं मीठ कळत नाही.

आपल्या गृहस्थांचा 24 तासांचा आकडा 85 ते 95 आला तर घरची डबी आणि वहीतला हिशेब जुळला. तो 170 आला, तर 3910 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे दहा ग्रॅम मीठ शरीरातून गेलंय आणि वहीत 2000 मिलिग्रॅमच आहेत. 1910 मिलिग्रॅम, जवळजवळ पाच ग्रॅम मिठाइतकं, कुठून तरी येतंय. डबीला दोष देण्याआधी मग ताटात वाढलेली लोणच्याची फोड, दुपारी कचेरीत मागवलेला वडापाव, रात्री पित्तासाठी घेतलेली फसफसणारी पूड आणि कणकेत सवयीने पडणारं मीठ, या क्रमाने एकेक गोष्ट तोलून वहीत चढवायची, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा 24 तासांची लघवी तपासायची.